मदत हवी आहे: ग्रिडशिवाय लढाई चालवताना कोण कुठे आहे याचा पत्ताच लागत नाही

पुलावरचा_डीएम: मी चालवतो त्या रोल-प्लेइंग गेमचं शनिवारी सेशन आहे, त्याआधी उत्तर हवंय. लढाई सगळी तोंडीच चालते. मागच्या वेळी विझार्डने फायरबॉल टाकला आणि फायटर म्हणाला, "मी तिथे नव्हतोच!" अर्धा तास वादात गेला. प्रत्येकाच्या डोक्यात वेगळंच चित्र. काय करू?

सह्याद्रीवासी: कुठला गेम? किती जण? समोरासमोर खेळता की ऑनलाइन?

मिनीप्रेमी: सरळ चौकटींची मॅट आण, एक चौकट म्हणजे 5 फूट. रंगवलेल्या मिनिएचर असतील तर उत्तमच. रंगासाठी आधी प्रायमरचा पातळ थर द्यायचा, नाहीतर पोपडे निघतात.

पुलावरचा_डीएम: मॅट नको म्हणूनच विचारतोय. डी अँड डी, पाचवी आवृत्ती, 2014 ची पुस्तकं. चार जण, फोनवर बोलून खेळतो, दोघं परदेशात. स्क्रीन कोणालाच नको.

सह्याद्रीवासी: आता ती लढाई सांग. जागा कशी होती, शत्रू कोण?

पुलावरचा_डीएम: नदीवर अरुंद लाकडी पूल. अलीकडे आमची मंडळी, पलीकडे पडकी गिरणी, सहा गॉब्लिन. फायटर म्हणाला, "मी पूल अडवतो."

फासेबहाद्दर: पूल अडवून काय उपयोग? गॉब्लिन बोनस ॲक्शनमध्ये डिसएंगेज करतात. सटकन बाजूने निघून जातील.

सह्याद्रीवासी: डिसएंगेजने फक्त निघताना बसणारा वार टळतो, वाट मोकळी होत नाही. शत्रूच्या जागेतून जायचं तर आकारात दोन पायऱ्यांचा फरक लागतो. माणूस मध्यम, गॉब्लिन लहान, म्हणजे एकच पायरी. पूल एका माणसाएवढाच रुंद असेल तर फायटरने तो खरोखर अडवलाय. गॉब्लिनना अलीकडे यायचं तर नदीत उतरावं लागेल आणि पोहताना एका फुटाला दोन फूट खर्च होतात. ही रुंदी लढाई सुरू व्हायच्या आधी सांगायची.

आता मूळ प्रश्न. फूट मोजणं सोड. जागेचे तीन-चार भाग कर आणि त्यांना नावं दे: अलीकडचा काठ, पूल, गिरणीचं अंगण, गिरणीचा माळा. शेजारच्या भागात जायला एक मूव्ह. कागदावर फक्त दोन गोष्टी लिही: कोण कुठल्या भागात आणि कोण कोणाशी भिडलाय. भिडलेला माणूस डिसएंगेज न करता दूर गेला तर शत्रूला वार मिळतो. बाकी सगळे मोकळे.

काळी_मांजर: मी रोग हे पात्र खेळते आणि अशा टेबलांवर रोगची वाट लागते. स्नीक अटॅक मिळणार की नाही, हे डीएमच्या मूडवर.

सह्याद्रीवासी: उलट, या पद्धतीत ते स्पष्ट होतं. नियम म्हणतो, लक्ष्याच्या 5 फुटांत त्याचा दुसरा शत्रू हवा. फायटर त्या गॉब्लिनशी भिडलाय असं कागदावर आहे ना? मग अट पूर्ण. तुझ्या फाशावर डिसॲडव्हांटेज नसला की झालं.

काळी_मांजर: आणि लपायचं कुठे? ते कागदावर नसतंच. माझ्या डीएमला दर वेळी विचारावं लागतं.

फासेबहाद्दर: फायरबॉलचं सोपं आहे, त्या भागातले सगळे भाजले.

सह्याद्रीवासी: मग प्रत्येक भाग फायरबॉलच्या मापाचा होतो. डीएम गाइडमध्ये नकाशा नसताना वापरायचा तक्ता आहे. गोलाची त्रिज्या भागिले 5, म्हणजे 20 फुटांच्या फायरबॉलला साधारण चार जण. अंगणात पाच मोकळे गॉब्लिन असतील तर चार सापडतील. सहावा पुलाच्या तोंडाशी फायटरशी भिडलाय. तोही हवा असेल तर फायटरही आगीत. हे फासे टाकायच्या आधी बोलायचं: "चार मिळतात, पाचवा हवा तर फायटर भाजेल. टाकू?" विझार्डने ठरवलं की नंतर कोणी "मी नव्हतोच" म्हणू शकत नाही.

मिनीप्रेमी: एवढं लिहायचंच तर मॅट काय वाईट?

पुलावरचा_डीएम: कागद माझ्यापुरता, मॅट सगळ्यांना बघावी लागते. पण फोनवर बाकीच्यांना भाग लक्षात कसे राहणार?

सह्याद्रीवासी: प्रत्येकाच्या पाळीला त्याच्यापुरतं एक वाक्य. "तू अलीकडच्या काठावर, मोकळी. फायटर पुलावर, एकाशी भिडलेला. माळ्यावर कोणीतरी धनुष्य ताणतंय. काय करतेस?" आणि खेळाडूंनी अंतर विचारायचं नाही, इरादा सांगायचा: "माळ्यावरच्याला गाठायचंय." मग तू किंमत सांग: काठावरून पूल, अंगण, माळा, म्हणजे तीन मूव्ह आणि पुलावरून फायटरला ओलांडून जाणं. मित्राला ओलांडता येतं, पण चाल दुप्पट खर्च होते, आणि त्याच्यापुढे गॉब्लिन आहे तोवर वाट बंदच.

काळी_मांजर: माळ्याला मागून शिडी आहे का, हेही त्या वाक्यात यायला हवं.

फासेबहाद्दर: दर पाळीला वाक्य? चार खेळाडू, लढाई रांगेल.

सह्याद्रीवासी: वादात अर्धा तास जाण्यापेक्षा बरं. मात्र वीस-पंचवीस शत्रू आणि वेगवेगळ्या उंचीच्या गच्च्या असतील तर मीही ही पद्धत वापरत नाही.

पुलावरचा_डीएम: शनिवारी गिरणीच्या आतली लढाई आहे, तीन भाग करून बघतो. पण मंक 40 फूट पळतो आणि क्लेरिक 25. दोघांनाही एका मूव्हला एकच भाग दिला तर मंक चिडेल. त्याचं काय करता?