शब्दचर्चा: ‘एकटी’, ‘एकल’ की ‘एकहाती’? दिवाळीच्या चार ओळींसाठी

पागोळी
फराळाच्या डब्यासोबत एका मैत्रिणीला चार ओळी लिहून द्यायच्या आहेत. ती मुलाला एकटीने वाढवते, मुलगा आठ वर्षांचा. इथे त्याला ईशान म्हणू. कौतुक पोचलं पाहिजे, कीव अजिबात नको. कच्चा मजकूर असा:

‘प्रिय सखी, तुम्हा उभयतांना दिवाळीच्या शुभेच्छा! एकटी असूनही तू ज्या धीराने ईशानला सांभाळतेस ते पाहून डोळ्यांत पाणी येतं. तूच त्याची आई आणि तूच बाबा. देव तुला बळ देवो.’

‘एकटी’ हा शब्द मला खटकतोय. त्याऐवजी ‘एकल’ घातला तर काम होईल का?

अनुस्वार
नाही होणार, कारण खटकणारा शब्द ‘एकटी’ नाही, त्याच्या शेजारचा ‘असूनही’ आहे. ‘पाऊस असूनही आले’, ‘ताप असूनही पेपर दिला’. मराठीत ‘असूनही’च्या आधी येते ती अडचण. ‘तब्येत ठणठणीत असूनही तो छान पळतो’ असं कोणी म्हणत नाही. म्हणजे त्या जागी जे ठेवाल त्याची अडचण होते. ‘एकल असूनही’ लिहिलंत तरी अडचण तिथेच, फक्त कपडे बदललेले.

‘तू एकटीने वाढवतेस’ हे साधं विधान आहे. त्यात ‘-ने’ आहे, म्हणजे ती काहीतरी करणारी आहे. ‘तू एकटी आहेस’ ही मात्र अवस्था झाली आणि अवस्थेची कीव येते. ‘एकटीच’मधला ‘च’ही टाळा. ‘एकटीच असतेस ना?’ हा प्रश्न चौकशीचा वाटतो तो त्या ‘च’मुळे.

‘एकल’ हा अर्जातला आणि पत्रकातला शब्द आहे. ‘एकल महिला’, ‘एकल पालक’ हे योजनेच्या कागदावर किंवा संघटनेच्या निवेदनात योग्यच, कारण तिथे विधवा, घटस्फोटित, अविवाहित असे कप्पे न पाडता सगळ्यांना एकत्र धरायचं असतं. पण चकलीच्या डब्यावरच्या चिठ्ठीत तो शब्द आला की मैत्रीण एका वर्गात जाऊन बसते.

नियमावली
पाकिटावर मुलाचं नाव बरोबर लिहा. महाराष्ट्रात आता आईचं नाव लावणं बंधनकारक आहे: मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव.

अनुस्वार
तो नियम १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी, आणि शासकीय कागदपत्रांसाठी आहे. ईशान आठ वर्षांचा आहे आणि हा चकलीचा डबा आहे.

शेवंती
‘उभयतांना’ चूक नाही. उभय म्हणजे दोघं, आणि ती दोघं आहेतच. उलट ‘सहकुटुंब’ लिहू नका. कुटुंब म्हणजे बायको. ‘आमचं कुटुंब माहेरी गेलंय’ असं जुने लोक म्हणायचे. त्यामुळे ‘सहकुटुंब’ म्हटलं की जोडीदार गृहीत धरल्यासारखं होतं.

अनुस्वार
शेवंतीताई, दोन्ही अर्थ तुम्ही बरोबर दिलेत, पण निष्कर्ष उलटा निघतो. ‘उभय’ म्हणजे दोघं हे कोशात. वापरात ‘उभयतां’ नवराबायकोसाठीच येतं: ‘उभयतांनी यावे’, ‘उभयतांस आशीर्वाद’. आईला आणि मुलाला उभयतां म्हटलं की वाचणारी क्षणभर अडखळते. कुटुंब म्हणजे बायको हा अर्थ मात्र आता आजोबांच्या संवादांपुरताच उरलाय. आज ‘सहकुटुंब’ म्हणजे घरातले सगळे, आणि दोघांचं घर हेही पुरं घर. अर्थाने तो शब्द चालेल. अडचण एवढीच की तो लग्नपत्रिकेसारखा वाजतो. ‘तुला आणि ईशानला’ याहून चांगलं काही नाही.

तांबडा रस्सा
एवढं काय अवघड हाय? ‘एकहाती’ लिवा की. एकहाती सामना जिंकून देतो त्याची कोण कीव करतंय का? त्याला टाळ्याच पडतात.

मुद्रितशोधक
रस्सासाहेब, दिशा योग्य आहे. ‘एकहाती’ला पराक्रमाचा वास आहे, ‘एकट्याने’ला नाही. पण त्याला मथळ्याचाही वास आहे. ‘एकहाती सत्ता’, ‘एकहाती विजय’. ‘ईशानला एकहाती वाढवलंस’ हे सत्कार समारंभातलं वाक्य झालं. शिवाय सामना संपतो, मूल वाढवणं चालू असतं. ‘एकहाती वाढवतेस’ हा वर्तमानकाळ कानाला विचित्र लागतो, ते त्यामुळेच.

तांबडा रस्सा
आमच्याकडं ‘एकहाती शेती करतोय’ म्हंतात की. ती पन संपत न्हाई.

मुद्रितशोधक
हे मान्य. मग माझ्या कानाचाच दोष असेल. तरी चिठ्ठीत मी नाही वापरणार.

मला खरी अडचण दिसते ती क्रियापदांत. ‘सांभाळतेस’ म्हटलं की आधी ओझं दिसतं, मग माणूस. ‘निभावतेस’मध्ये निमूटपणा आहे. ‘पेलतेस’ उंच शब्द आहे, पण पेलायला काहीतरी जड लागतंच, शिवधनुष्य नाहीतर जबाबदारी. आणि इथे ते जड म्हणजे पोरगं! ‘वाढवतेस’ स्वच्छ आहे. ‘घडवतेस’मध्ये कौतुक आहे, पण जपून, जरा भाषणी होतं. ‘धीराने’ आणि ‘खंबीरपणे’ हे दोन्ही शब्द आपण समाचाराला गेल्यावर वापरतो, ‘धीर धरा’, ‘खंबीर राहा’. तो वास दिवाळीतही जात नाही.

बाबा नंबर एक
मी मुलीला एकटा वाढवतो. माझ्या वाट्याला याच्या उलट येतं. ‘बाप असून वेणी घालतोस!’ यात कीव नाही, पण तेही ‘असून’च ना? शाळेत वेळेवर डबा दिला की लोक टाळ्या वाजवतात. आईने दिला तर कोणी बघतही नाही. मला शुभेच्छा लिहिणाऱ्याने काय लिहावं?

अनुस्वार
तेच ‘असून’, पाय फक्त दुसऱ्या बाजूने घसरलाय. आईच्या बाबतीत परिस्थितीला अडचण ठरवलं, तुमच्या बाबतीत तुमच्या पुरुषपणाला. उपाय दोघांना सारखाच: ‘असून’ काढा आणि कामाचं नाव घ्या. ‘तिच्या वेण्या कायम सरळ असतात, भांग कसा पाडतोस ते दाखव’ हे चालेल.

‘तूच आई, तूच बाबा’ हीही ओळ काढायला हवी. दिसायला गौरव, पण जो घरात नाही त्याला ती बोलावून मधोमध बसवते. ईशानने चिठ्ठी वाचली तर त्याचं लक्ष आधी तिथेच जाईल. शिवाय तिने बाबा होण्याची गरजच नाही. आई म्हणून करते तेवढं पुरेसं आहे.

शेवंती
मग आदराचं काही संबोधन लावावं. आदर आला की कीव आपोआप जाते.

अनुस्वार
जातेच असं नाही. ‘गं. भा.’ हे आदराचंच संबोधन होतं, गंगाभागीरथी. नद्यांची नावं, तीही पवित्र. तरी पत्रावर ते दिसलं की आधी नवरा गेल्याचं कळायचं, मग नाव. २०२३ मध्ये विधवांसाठी हा शब्द शासकीय वापरात आणण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा टीका झाली ती याचसाठी. उपाधी कितीही गोड असली तरी ती परिस्थितीवर बोट ठेवत असेल तर उपयोग नाही. मैत्रिणीला नावाने हाक मारा. ‘सखी’सुद्धा नको, तुम्ही एरवी तिला सखी म्हणत नसाल तर.

पागोळी
पटलं. दुसरा प्रयत्न. डबा वसुबारसेला पोचणार आहे. गाय-वासराची पूजा, म्हणजे आई-मुलाचा सण. तर ‘वसुबारसेच्या शुभेच्छा, तुमच्या गाय-वासराच्या जोडीला’ असं?

तांबडा रस्सा
अवो ताई, मैत्रिणीला गाय म्हंताय! ‘गरीब गाय’ आठवंल की तिला लगेच.

मुद्रितशोधक
अगदी. वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा होते, कल्पना सुंदर आहे, पण मराठीत गाय म्हटलं की ‘गरीब’ आपोआप चिकटतं. सणाचं नाव घ्या, उपमा सोडा.

आणि पाडव्याला तयार चित्रं पुढे पाठवताना शब्द वाचून घ्या. त्यांतल्या बऱ्याच चित्रांत ‘पती-पत्नीच्या अतूट नात्याचा सण’ असतं आणि ओवाळणीचं ताट. सवयीने एकदम पन्नास जणांना गेलं की तिलाही जातं. तो दिवस बळीराजाचाही आहे. ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ हे कोणालाही पाठवता येतं.

पागोळी
मग कौतुक कुठल्या शब्दाने करू? ‘कौतुक वाटतं’ चालेल?

अनुस्वार
मैत्रिणींत चालेल, पण ‘कौतुक’ थोडं वरून खाली येतं. मोठी माणसं लहानांचं कौतुक करतात. समोरासमोरचा शब्द आहे ‘मानलं’. ‘मानलं बाई तुला’ यात बोलणारी हरलेली असते, आणि हरणाऱ्याला कीव करता येत नाही. ‘हेवा वाटतो’ त्याच्याही पुढचा: कीव खाली बघते, हेवा वर. फक्त हेवा कशाचा ते लिहा, नाहीतर तो खोटा वाटतो. ‘तुझ्या हिमतीचा हेवा वाटतो’ लिहिलंत तर फिरून पहिल्या जागी आलात. एखादी गोष्ट सांगा, तिने केलेली, तुम्ही पाहिलेली.

पागोळी
पाहिलेली गोष्ट आहे. ईशान स्वतः कंदील करतो, कामट्या तासण्यापासून. चिकटवताना कागद फाटला तर ती हात लावत नाही, शेजारी बसून राहते. तिसरा प्रयत्न:

‘अगं, तुला आणि ईशानला दिवाळीच्या खूप शुभेच्छा. मागच्या वर्षी कंदिलाचा कागद दोनदा फाटला तरी तू हात लावला नाहीस, त्यानेच पुरा केला. मानलं तुला. माझा हात एव्हाना चारदा पुढे गेला असता. चकल्या सोबत आहेत, थोड्या मऊ झाल्यात. तुझ्या कशा कुरकुरीत राहतात ते भाऊबीजेला आल्यावर सांग. ईशानला म्हणावं, या वर्षीचा कंदील बघायला मी येणारच.’

अनुस्वार
यात ‘एकटी’ कुठेच नाही, आणि ते शोधावंही लागलं नाही. शेवटी तिच्याकडे काहीतरी मागितलंत, हे ‘बळ देवो’पेक्षा फार बरं. ‘त्यानेच’मधला ‘च’ मात्र राहू द्या, तो योग्य जागी आहे.

शेवंती
देवाचं नाव काढलंत ते मला नाही आवडलं. शुभेच्छा म्हणजे आशीर्वाद हवाच. ‘सुख, आरोग्य लाभो’ तरी घाला.

मुद्रितशोधक
ते सगळ्यांनाच म्हणतात, त्यामुळे घालायला हरकत नाही. ‘बळ’ वेगळं, बळ ज्याला कमी पडतंय त्यालाच मागतात.

शेवंती
आमच्याकडे बळ सगळ्यांसाठीच मागतात.

तांबडा रस्सा
चकली मऊ पडली म्हंजे मोहन जास्त झालंय नाहीतर तेल थंड हुतं. तेल नीट तापू द्या, मग मध्यम आचेवर तळा. भाऊबीजेपर्यंत थांबू नका.