प्रतिसाद: वजनकाट्याच्या पावत्या आणि शंकास्पद आकडे

> "कॉन्फिडन्स ०.९० च्या खाली गेला की माणसाकडे पाठवायचं, एवढं पुरे ना?"

पुरत नाही. तो स्कोअर म्हणजे पावतीच्या चित्रातून आकडे वाचणाऱ्या मॉडेलला अक्षराच्या आकाराबद्दल वाटलेली खात्री. आकडा खरा आहे का, हे त्याला ठाऊक नसतं. आमच्याकडे कोल्हापुरात उसाच्या वजनकाट्याच्या पावत्या मशीनकडून वाचून घेतो. एका पावतीवर भरलेलं वजन २४.६८० टन, रिकामं ८.१५०, निव्वळ १६.५३०. डॉट मॅट्रिक्सच्या फिकट छपाईमुळे रिकामं वजन ८.७५० वाचलं गेलं, तेही ०.९७ नं! वजाबाकी केली तर १५.९३० येतात, म्हणजे पकडलं गेलं. अशा वेळी तिन्ही वजनांना फ्लॅग लावा, कारण चूक नेमकी कुठल्या आकड्यात आहे हे वजाबाकी सांगत नाही. फरक बरोबर ०.६०० येतो, म्हणजे बहुधा एकच अंक चुकलाय, एवढा सुगावा मात्र मिळतो.

शेतकऱ्याच्या कोडला असली वजाबाकी नाही. तिथे नोंदणीच्या यादीत त्या कोडसमोरचं नाव आणि पावतीवरचं नाव जुळतं का ते बघायचं. हाताने लिहिलेल्या १ आणि ९ चा घोळ बहुतेक तिथेच सापडतो.

आणि माणसाने तपासायच्या रांगेत मशीनने वाचलेला आकडा आधीच भरून ठेवू नका. ऐन गळीत हंगामात ऑपरेटर नुसतं एंटर दाबत सुटतो. फक्त पावतीवरच्या त्या आकड्याचं कापलेलं चित्र दाखवा, आकडा त्यालाच टाईप करू दे. मशीनशी जुळला तर पुढे, नाहीतर दुसऱ्याच्या नजरेखाली. बिनफ्लॅगच्याही थोड्या पावत्या रोज याच रांगेत मिसळा, त्याशिवाय ०.९० ही रेघ बरोबर ओढलीय का ते कळणार कसं?