मदत हवी आहे: खिडक्यांचा उशीर तक्त्यात कसा भरून काढू?

मंडळी, नागपुरात आमच्या घराच्या वरच्या मजल्याचं काम सुरू आहे. मी त्याचा गँट चार्ट केलाय. शेवटची तारीख ठरवणाऱ्या कामांची लाल साखळी अशी होती: विटकाम 12 दिवस, मग वायरिंगचे पाइप 4 दिवस, मग प्लास्टर. खिडक्यांच्या चौकटी समांतर 13 दिवसांत येणार होत्या, म्हणजे 3 दिवसांची सवड होती.

आता चौकटी 5 दिवस उशिरा येणार आहेत. त्यातले 3 दिवस सवडीत जिरले, उरलेल्या 2 दिवसांनी प्लास्टर शुक्रवारवरून सोमवारवर गेलं (रविवारी काम बंद असतं) आणि शेवटची तारीखही सरकली. लाल रंगही विटकामावरून चौकटींवर आला.

ठेकेदार म्हणतात, "गवंडी वाढवू." पण विटकामालाच आता 2 दिवसांची सवड आहे, मग ते लवकर संपवून काय मिळणार?

माझा विचार प्लास्टरचे दोन भाग करायचा आहे. आतल्या, बिनखिडकीच्या भिंती 4 दिवसांच्या आहेत. त्या पाइपांनंतर लगेच घ्यायच्या आणि तक्त्यात चौकटींची वाट फक्त बाहेरच्या भिंतींच्या प्लास्टरला पाहायला लावायची. तारीख पूर्ववत होईल ना? की प्लास्टर दोन टप्प्यांत केल्याने सांध्यावर भेगा पडतील? साइटवर असं केलेल्यांनी कृपया सांगा, शुक्रवारच्या आत ठरवायचं आहे.