लेहसाठी जॅकेट: एक साइज मोठं घ्यावं का? मदत हवी आहे

जानेवारीत बाबांना घेऊन लेहला जायचंय. रात्री पारा उणे १५ च्याही खाली जातो, म्हणून आत थर्मल, त्यावर फ्लीस आणि वरून पिसांचं जॅकेट असा बेत आहे. पुण्यात स्वेटरच्या पुढे कधी गेलोच नाही, त्यामुळे साइजवर अडलंय.

बाबांची छाती नुसत्या बनियनवर ४० इंच, फ्लीस घालून मोजली तर ४२. ऑनलाइन बघितलेल्या जॅकेटच्या एल साइजला ४० ते ४२ लिहिलंय, पण हे माप अंगाचं की कपड्याचं, ते दिलेलं नाही. अंगाचं असेल तर आतल्या कपड्यांसाठी थोडी ढील कंपनीने धरलेली असणार, मग एल पुरेल. कपड्याचंच असेल तर फ्लीसवर चेन लागली तरी पिसं दबतील आणि ऊब जाईल. उलट एक्सएल घेतलं आणि कमरेला, मनगटाला सैल राहिलं तर वारा आत शिरणार. शिवाय बाबांचे खांदे अरुंद आहेत, बाह्या हातावर लोंबायला नकोत.

दुकानदार म्हणतो, ‘बिनधास्त दोन साइज मोठं घ्या.’ मला ते पटत नाही.

तिकडे हिवाळ्यात राहिलेल्यांनी सांगा: फ्लीसवरच्या मापापेक्षा जॅकेटचा घेर किती इंच जास्त हवा? आणि फ्लीस मात्र अंगाबरोबरच घ्यायचं ना?