शब्दचर्चा: फॉरेस्ट प्लॉटमधल्या ‘पूल्ड इफेक्ट’ला काय म्हणावं?

गोदाकाठची: इथल्या, नाशिकच्या, एका आरोग्यविषयक अंकासाठी मजकूर मराठीत आणतेय. सोबतचा फोटो प्रशिक्षणाच्या हँडआउटमधल्या फॉरेस्ट प्लॉटचा, म्हणजे वेगवेगळ्या चाचण्यांचे निकाल एकाखाली एक मांडणाऱ्या चित्राचा. हार्ट अटॅकच्या रुग्णांना शिरेतून मॅग्नेशियम दिलं तर मृत्यू कमी होतात का, हा प्रश्न. तीन ओळी आहेत: सात छोट्या चाचण्या मिळून १,३०१ रुग्ण, लिमिट-२ चाचणीत २,३१६ आणि आयसिस-४ चाचणीत ५८,०५०. वजनं अनुक्रमे २७, ३४ आणि ३९ टक्के. तळाचं शंकरपाळं, म्हणजे पूल्ड इफेक्ट, ०.७४ वर, त्याची टोकं ०.४८ आणि १.१६; १ म्हणजे काहीच फरक नाही. बाजूला I² ८८ टक्के. मी ‘पूल्ड इफेक्ट’ला ‘अंतिम निष्कर्ष’ म्हटलं आणि खाली लिहिलं, ‘मॅग्नेशियममुळे मृत्यू २६ टक्क्यांनी घटतात.’ हेटरोजेनिटीला, म्हणजे चाचण्यांच्या निकालांतल्या फरकाला, ‘विषमता’ चालेल?

पेठरोडवाला: ताई, फॉरेस्ट प्लॉटच्या नादी लागू नका. आमच्या सातबाऱ्यावर वन शेरा निघाला, तहसीलच्या खेपा अजून चालूच आहेत. आधी मोजणी करून घ्या.

गोदाकाठची: दादा, हा आलेख आहे हो, जमीन नव्हे!

पेठरोडवाला: मग त्याला प्लॉट का म्हणतात? असो.

सिडको_फार्मा: ‘विषमता’ म्हटलं की लोकांना गरीब-श्रीमंत आठवतं, ‘भिन्नता’ घ्या. बाकी वाक्य ठीक वाटतं. चौकोन जेवढा मोठा तेवढी चाचणी मोठी, आणि शंकरपाळं म्हणजे सगळ्यांची सरासरी. I² ८८ म्हणजे ८८ टक्के चाचण्या एकमेकींशी जुळत नाहीत, एवढी तळटीप टाका.

म्हसरूळकर: सरासरी हे बरोबर, पण कुठल्या वजनांची ते बघा. चौकोनही चाचणीचा आकार नव्हे, तिचं वजन दाखवतो. आयसिस-४ मध्ये इतरांच्या कितीतरी पट माणसं असून तिला फक्त ३९ टक्के, आणि तेराशे रुग्णांच्या ओळीला २७. म्हणजे हा रँडम इफेक्ट्सचा हिशोब आहे. त्यात प्रत्येक ओळीच्या अनिश्चिततेत चाचण्यांमधल्या फरकाची सारखीच भर पडते. भर मोठी असली की मोठ्या चाचणीचा वरचष्मा जातो. याच तीन ओळी मी फिक्स्ड इफेक्टने, म्हणजे ती भर न घालता, मांडून पाहिल्या. आयसिस-४ ला सुमारे ९४ टक्के वजन मिळतं आणि शंकरपाळं १.०३ वर सरकतं. टोकं ०.९७ आणि १.०९.

आता मूळ आकडे. आयसिस-४ मध्ये मॅग्नेशियम दिलेल्या २९,०११ पैकी २,२१६ दगावले, न दिलेल्या २९,०३९ पैकी २,१०३. फायद्याचा मागमूस नाही. छोट्या सातांत मात्र ६५७ पैकी २५, आणि दुसऱ्या बाजूला ६४४ पैकी ५३. इतक्या थोड्या मृत्यूंवर आकडा सहज हेलकावतो. शिवाय फायदा न दिसलेल्या छोट्या चाचण्या छापल्याच जात नाहीत, ही शंका राहतेच. खरं तर त्या सातही वेगवेगळ्या ओळींत हव्या होत्या. एकत्र करून हँडआउटवाल्याने त्यांच्यातला फरक झाकला.

I² म्हणजे जुळत नसलेल्या चाचण्यांची मोजणी नव्हे. आकड्यांत जी पांगापांग दिसते, तिचा किती भाग निव्वळ योगायोगाच्या पलीकडचा असावा, याचा तो अंदाज. इथे तीनच ओळी, तेव्हा तो अंदाजही कच्चा.

सिडको_फार्मा: पण आयसिस-४ मध्ये मॅग्नेशियम बहुतेकांना गुठळी विरघळवणारं औषध दिल्यानंतर, म्हणजे उशिरा मिळालं. लिमिट-२ मध्ये लवकर दिलं होतं. फरक त्यामुळे असेल तर छोट्या चाचण्या खोट्या कशा?

म्हसरूळकर: खोट्या म्हटलंच नाही. तुमचाच मुद्दा तपासायला मॅजिक चाचणी झाली, २००२ मध्ये प्रसिद्ध, ६,२१३ रुग्ण, मॅग्नेशियम लवकर दिलेलं. ३० दिवसांतले मृत्यू १५.३ आणि १५.२ टक्के. वेळेच्या तर्काला त्यातून आधार मिळाला नाही. आणि या आलेखावरून तर वेळेचं काहीच ठरत नाही, त्यात वेळेचा रकानाच नाही.

गोदाकाठची: म्हणजे ‘अंतिम निष्कर्ष’ गेला. ‘एकत्रित अंदाज’ करते. आणि २६ टक्के?

म्हसरूळकर: तो आकडा ऑड्सचा, म्हणजे दगावलेल्यांच्या वाचलेल्यांशी असलेल्या प्रमाणाचा, थेट मृत्युदराचा नाही, आणि टोक १ ओलांडून १.१६ पर्यंत जातं. लिहा: ‘या मांडणीत एकत्रित अंदाज फायद्याकडे झुकतो, पण परिणाम शून्य असण्याची किंवा किंचित अपाय होण्याची शक्यताही त्यात मावते. चाचण्यांचे निकाल एकमेकांपासून फार दूर आहेत, आणि सर्वांत मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही.’

सिडको_फार्मा: एवढं लांब वाक्य संपादक कापणार. त्यापेक्षा शंकरपाळं छापूच नका, तीन ओळीच द्या.

म्हसरूळकर: ते नको. शंकरपाळं काढलं तर वाचक मनातच सरासरी काढेल, तीही बिनवजनाची. दोन्ही हिशोबांची शंकरपाळी एकाखाली एक द्या.

गोदाकाठची: चौथाई पानात दोन मावतात का, ते मांडणीवाल्यांना विचारते. ‘भिन्नता’ मात्र पक्कं.

पेठरोडवाला: आमच्या वडिलांना अटॅक आला तेव्हा सलाईनमधून काय दिलं ते कागदावर लिहिलंच नव्हतं. मॅग्नेशियम असेल का ते?