मदत हवी आहे: अर्जाची प्रिंट, हॉल तिकीट आणि आधार, एमपीएससीच्या केंद्रावर नक्की काय काय न्यायचं?

सिन्नरकर (बुधवार, सकाळी)

नमस्कार मंडळी. वहिनीची गट-क संयुक्त पूर्व परीक्षा येत्या रविवारी आहे, केंद्र नाशिक. तिच्या फाइलमध्ये सध्या तीन गोष्टी आहेत: आयोगाच्या साइटवर नोंदणी झाल्याचा ईमेल, शुल्काच्या पावतीसकट अर्जाची प्रिंट, आणि आधार कार्ड. अर्जाच्या प्रिंटवर फोटो आहे, सही आहे, अर्ज क्रमांक आहे, 'नाशिक' असंही छापलंय. तिचं म्हणणं, हेच हॉल तिकीट. मला शंका येतेय.

दुसरी अडचण मोठी वाटते. अर्ज दहावीच्या सर्टिफिकेटप्रमाणे माहेरच्या नावाने भरलाय. आधार मात्र लग्नानंतर बदलून घेतलं, त्यावर आमच्या भावाचं नाव आणि सासरचं आडनाव. पासपोर्ट नाही. गेटवर अडवतील का? नोटरीचं प्रतिज्ञापत्र करून घेऊ का?

---

अभ्यासिका_सदाशिव

प्रतिज्ञापत्र करून टाका, स्टॅम्प पेपरवर. 'या दोन्ही नावांची व्यक्ती मीच' असं लिहिलं की विषय संपला. आधार घरी विसरलं तरी घाबरायचं कारण नाही, डिजिलॉकरमधलं कागदपत्र कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीचं आहे. हॉल तिकीट मात्र वेगळं असतं, ते साइटवरून काढावं लागतं.

---

वर्गावरचा

सिन्नरकर, आधी हॉल तिकीट काढा, बाकीचं नंतर बघू. तुमच्याकडे आहे ती अर्जाची प्रिंट. ती कितीही रुबाबदार दिसली तरी तिच्यावर कोणालाही वर्गात बसवत नाहीत. कारण सोपं आहे. अर्ज भरताना तुम्ही फक्त जिल्हा केंद्र निवडता, म्हणून त्यावर 'नाशिक' आहे. नाशिकमधली कोणती शाळा, कोणतं कॉलेज आणि कोणता बैठक क्रमांक, हे त्या वेळी ठरलेलंच नसतं. अर्ज बंद झाल्यावर उपकेंद्रं ठरतात, बैठक क्रमांक पडतात आणि मग प्रवेशप्रमाणपत्र तयार होतं. आयोगाच्या कागदोपत्री हॉल तिकिटाचं नाव तेच. म्हणून प्रिंट हातात घेऊन पहिला प्रश्न विचारायचा: यावर उपकेंद्राचं नाव, पत्ता आणि बैठक क्रमांक आहे का? नसेल तर ते हॉल तिकीट नव्हे.

`mpsconline.gov.in` वर वहिनींच्या खात्यात लॉगिन करा, त्या परीक्षेच्या अर्जापाशी ते डाउनलोडला मिळेल. साधारण आठवडाभर आधी येतं, म्हणजे आता आलेलं असायला हवं. दिसत नसेल तर त्याच अर्जापुढे शुल्क भरल्याची नोंद आहे का ते पाहा. बँकेतून पैसे कापले गेले पण आयोगाकडे पोचल्याची नोंद झाली नाही, असं होतं. तेव्हा अर्ज अर्धवटच धरला जातो आणि हॉल तिकीट निघत नाही. तुम्ही पावती जोडली आहे म्हणताय, त्यामुळे ही भीती कमी. तरी दिसलं नाही तर साइटवरच्या मदत क्रमांकावर आजच फोन करा. शनिवारपर्यंत थांबू नका.

नोंदणीचा ईमेल तर घरीच ठेवा. तो प्रोफाइल तयार झाल्याचा आहे, परीक्षेला अर्ज केल्याचासुद्धा नाही. नुसतं प्रोफाइल बनवून 'फॉर्म भरला' म्हणणारे दरवर्षी भेटतात.

अभ्यासिका, डिजिलॉकरबद्दल कायद्याचा मुद्दा बरोबर आहे, पण इथे त्याचा उपयोग नाही. आयोगाच्या सूचनेत मूळ ओळखपत्र मागितलंय, सॉफ्ट कॉपी चालत नाही. शिवाय मोबाइल आत नेताच येत नाही, मग डिजिलॉकर उघडणार कशात?

---

आई_लातूरची

आमच्या मुलीच्या नीटला कन्फर्मेशन पेज नेलेलं बरं, असं क्लासवाले म्हणाले होते. शिवाय चार बाय सहा इंचाचा मोठा फोटोही चिकटवायचा असतो, तो विसरू नका. आणि त्या आधी शहर कळवणारी स्लिप येते, ती पण जपून ठेवा.

---

वर्गावरचा

ताई, ती एनटीएची परीक्षा, ही आयोगाची. एकीचे नियम दुसरीला लावू नका. तो पोस्टकार्ड आकाराचा फोटो नीटचाच, इथे लागत नाही. आणि त्या शहराच्या स्लिपनेही आत सोडत नाहीत, ती फक्त प्रवासाची सोय करता यावी म्हणून.

फरक कुठवर जातो बघा. नीटला बारावी बोर्डाचं फोटो असलेलं हॉल तिकीट ओळखपत्र म्हणून चालतं. म्हणजे एका परीक्षेचा प्रवेश दुसरीकडे ओळखीचा पुरावा! आयोगाच्या यादीत तसलं काही नाही. तिथे पाचच: आधार, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, पॅन आणि वाहन परवाना. परवाना फक्त स्मार्ट कार्डचा, जुनं पुस्तक चालत नाही. यांपैकी एक मूळ, आणि त्याच कार्डाची छायांकित प्रत. आधार मूळ आणि झेरॉक्स पॅनची, असं नेऊ नका.

---

सिन्नरकर

हॉल तिकीट निघालं! उपकेंद्र गंगापूर रोडला आहे. नाव माहेरचंच छापलंय. आता आधारचं काय?

---

वर्गावरचा

आता खरा मुद्दा. वर्गात समवेक्षक काय करतो ते डोळ्यांपुढे आणा. हॉल तिकिटावरचं नाव आणि बैठक क्रमांक त्याच्या हजेरीपटाशी जुळतो का पाहतो. मग ओळखपत्र हातात घेऊन त्यावरचं नाव हॉल तिकिटावरच्या नावाशी आणि फोटो समोरच्या चेहऱ्याशी ताडतो. वहिनींचं पहिलं नाव जुळेल. पण वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव आणि आडनाव निराळं, म्हणजे तीनपैकी दोन शब्द जुळत नाहीत. त्याला वहिनींवर संशय नसेलही, पण ही दोन नावं एकाच बाईची आहेत हे सांगणारा कागद त्याला हवा असतो.

त्यासाठी आयोगाच्या सूचनेत तीन कागद सांगितलेत. विवाहित स्त्रियांसाठी विवाह निबंधकांचा दाखला, नाव बदलल्याचं राजपत्र, किंवा राजपत्रित अधिकाऱ्याने दिलेला नावबदलाचा दाखला. जो नेणार त्याची छायांकित प्रतही. नोटरीचं प्रतिज्ञापत्र या यादीत नाही. एखाद्या ठिकाणी चालवून घेतलं असेल, पण त्या भरवशावर जाऊ नये.

मात्र त्याआधी एक विचारतो. वहिनींचं पॅन किंवा मतदार कार्ड कोणत्या नावाने आहे? लग्नानंतर आधार लगेच बदललं जातं, पॅन बरेचदा तसंच राहतं. पॅन माहेरच्या नावाचं असेल तर ते न्या. हॉल तिकीट आणि पॅन जुळलं की नावबदलाचा प्रश्नच उठत नाही.

---

अभ्यासिका_सदाशिव

प्रतिज्ञापत्राचं मान्य, यादी पुन्हा वाचली. पण आधारच न्यायचं झालं तर साइटवरून ई-आधार काढून नेलं तर चालतं ना? ते तर छापलेलं असतं.

---

वर्गावरचा

चालतं, पण अटी आहेत आणि तिथेच लोक फसतात. प्रिंट रंगीत हवी. फोटो स्पष्ट हवा. नाव, पत्ता, लिंग, जन्मतारीख यांच्याबरोबर आधार तयार झाल्याची तारीख आणि डाउनलोड केल्याची तारीख, दोन्ही दिसायला हव्यात. झेरॉक्सवाल्याने खालचा कार्डाचा तुकडा कापून लॅमिनेट करून दिला की कडेला छापलेली तारीख कात्रीत जाण्याचा धोका असतो. म्हणून पूर्ण पान न कापता न्या. काळी-पांढरी प्रिंट असेल तर ती छायांकित प्रत म्हणून द्या, मूळ म्हणून नको.

---

शिवार_निफाड

विवाहाच्या दाखल्याबद्दल थोडं. मंगल कार्यालयाचं किंवा देवस्थानाचं पत्र म्हणजे निबंधकांचा दाखला नव्हे. गावात ग्रामसेवक हेच विवाह निबंधक असतात, शहरात महापालिका किंवा नगरपालिकेचा अधिकारी. नोंदणी पूर्ण झाल्यावर मिळतो तो नमुना 'इ'. भरून दिलेल्या अर्जाची पोच चालणार नाही. दाखल्यावर वधूचं माहेरचं नाव हॉल तिकिटावर आहे तसंच आहे का हे अक्षर न् अक्षर बघा. वडिलांच्या नावात एकीकडे 'राव' आणि एकीकडे नुसतं नाव, असं आमच्याकडे सर्रास असतं, आणि मग नावं जोडायला नेलेला कागदच जुळत नाही.

नोंदणी झालेली नसेल तर राजपत्राच्या मागे लागू नका, चार दिवसांत ते होणार नाही. तहसीलदार राजपत्रित असतात, त्यांच्याकडून दाखला मिळतो का बघा. पण त्याचा ठरावीक नमुना नाही, त्यामुळे कार्यालयात तुम्हालाच समजावून सांगावं लागेल.

---

सिन्नरकर

खूप आभार. पॅन माहेरच्या नावाचं आहे, आत्ताच कपाटातून काढलं. फोटो कॉलेजमधला, चेहरा ओळखू येतो. लग्नाची नोंदणीही झालेली आहे, दाखला भावाकडे आहे. म्हणजे पॅन मूळ आणि त्याची झेरॉक्स, हॉल तिकीट, काळं बॉलपेन. अर्जाची प्रिंट न्यायची का?

---

वर्गावरचा

बॅगेत राहू दे, मागणार कोणी नाही. आधार आणि विवाहाचा दाखला मात्र बरोबर असू द्या, पॅनवरचा फोटो जुना म्हणून कोणी हरकत घेतली तर हाताशी असलेले बरे. पुढे करायचं ते पॅनच. दोन्ही एकदम टेबलावर ठेवले तर नसलेला प्रश्न तुम्हीच उभा कराल.

हॉल तिकिटावर शेवटच्या प्रवेशाची वेळ छापलेली असते, ती पेपर सुरू होण्याची वेळ नव्हे. त्या वेळेनंतर गेट उघडत नाही. दीड तास आधी पोचायचा हिशेब ठेवा, आणि शनिवारी गंगापूर रोडला एक चक्कर मारा. एकाच संस्थेच्या दोन इमारती असल्या की चुकीच्या गेटवर उभं राहणारे असतातच.

---

आई_लातूरची

माझ्या भाच्याचाही हाच पेपर आहे. त्याच्याकडे प्लास्टिकचं पॅन नाही, ईमेलवर आलेलं ई-पॅन आहे. रंगीत प्रिंट काढली तर चालेल का?

---

शिवार_निफाड

चालायला हवं. ई-आधार चालतं तर ई-पॅन का नाही?

---

वर्गावरचा

सूचनेत ती सवलत आधारपुरतीच लिहिलेली आहे, ई-पॅनचा उल्लेख मला कुठे दिसला नाही. त्याच्याकडे आधार आहे ना? नावं जुळत असतील तर आधारच न्यायला सांगा.

---

आई_लातूरची

आधारवर आडनावाचं स्पेलिंग वेगळं आहे, एक एच जास्त. म्हणून तर पॅन म्हटलं.

---

अभ्यासिका_सदाशिव

एका अक्षराला कोण अडवतंय! फोटो आणि जन्मतारीख जुळली की पुरे.

---

वर्गावरचा

बहुतेक ठिकाणी नाही अडवणार, पण ते त्या उपकेंद्रावरच्या माणसाच्या हातात आहे. ताई, मतदार कार्ड आहे का ते बघायला सांगा, आणि मदत क्रमांकावर फोन करून ई-पॅनचं विचारून घ्या. उत्तर मिळालं तर इथे लिहा.