हॉटस्पॉट काही मिनिटांत आपोआप बंद होतो : मदत हवी आहे

वैतागलेला: फोनचा हॉटस्पॉट काही मिनिटे वापरात नसला की आपोआप बंद होतो. तो चालू राहावा, पण बॅटरीही फार खर्च होऊ नये, असा उपाय हवा आहे. फोन दोनदा बंद करून चालू केला. कृपया लवकर सांगावे.

निरीक्षक: फोन कोणता आहे आणि हॉटस्पॉटला काय जोडलेले असते, हे लिहिलेले नाही. त्याशिवाय काय सांगणार?

मधुरा: माझ्या विंडोज लॅपटॉपचा हॉटस्पॉटही असाच बंद होत असे. तेथील पॉवर सेव्हिंगचा पर्याय बंद केल्यावर तो त्रास थांबला.

वैतागलेला: लॅपटॉपचा येथे संबंध नाही. फोन ॲन्ड्रॉइड आहे आणि त्याला तापमान मोजणारा सेन्सर जोडतो. तो दर 15 मिनिटांनी नोंद पाठवतो. पहिली नोंद येते, पुढची एकही येत नाही.

सदाशिव: सेटिंग्जमध्ये बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा, सगळे सुरळीत होईल.

निरीक्षक: ती सवलत ॲपसाठी असते, हॉटस्पॉटची वेळमर्यादा तिने बदलत नाही. ही मर्यादा डेटा किती वाहतो हे पाहत नाही, एकही उपकरण जोडलेले नाही एवढेच पाहते. अनेक ॲन्ड्रॉइड फोनांत ती 10 मिनिटांची असते. समजा, 9:00 वाजता नोंद पाठवून सेन्सर 9:01 ला वाय-फाय सोडून झोपला, तर 9:11 ला हॉटस्पॉट बंद होतो आणि 9:15 ला जागा झालेल्या सेन्सरला नेटवर्कच सापडत नाही. हॉटस्पॉटच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची संख्या शून्य झाल्यापासून घड्याळ लावून पाहा, म्हणजे खात्री होईल. त्याच पानावरील Turn off hotspot automatically हा पर्याय बंद करावा. काही कंपन्यांच्या फोनांत त्याचे नाव वेगळे असते.

सदाशिव: मग नोंदीचे अंतर 8 मिनिटे करा, पर्याय बदलायलाच नको!

निरीक्षक: हॉटस्पॉट टिकेल खरा, पण प्रत्येक जोडणीत सेन्सरची बॅटरी खर्च होईल आणि फोनचीही वाचणार नाही, कारण कोणी जोडलेले नसले तरी हॉटस्पॉट आपले नाव सेकंदाला सुमारे दहा वेळा प्रसारित करत राहतो.

मधुरा: आयफोनवर हॉटस्पॉटचे पान उघडे ठेवले की तो दिसत राहतो, असा माझा अनुभव आहे.

वैतागलेला: प्रश्न ॲन्ड्रॉइडचा आहे, हे वर लिहिले आहे. पर्याय बंद केल्यावर तीन नोंदी लागोपाठ आल्या. मात्र बॅटरी झपाट्याने उतरते आहे.

निरीक्षक: जुना फोन चार्जरला लावून त्याचा हॉटस्पॉट वापरणे उत्तम. तसे शक्य नसेल, तर सेन्सर नोंदी स्वतःकडे साठवू शकतो का ते पाहावे. दर सहा तासांनी 24 नोंदी एकदम पाठवता आल्या, तर हॉटस्पॉट तेवढ्यापुरताच चालू करावा लागेल.

वैतागलेला: साठवण्याचा पर्याय सेन्सरच्या ॲपमध्ये दिसत नाही. जुना फोन शोधतो.

सदाशिव: सापडला तर तो रात्रभर चार्जरवर किती तापतो, तेही कळवा.